रंग तुमचे, उजेड कुणाचा?

दिवाळी अंक बाजारात आले की एखाद्या तरी मुखपृष्ठावरून समाजमाध्यमांवर जुंपतेच. प्रसंग बहुतेक ठरलेला असतो. वारीतला एखादा म्हातारा वारकरी, कपाळी बुक्का, डोळे अर्धवट मिटलेले, हातातले टाळ नेमके एकमेकांवर आदळण्याच्या बेतात. मुखपृष्ठावर तो चार सपाट रंगांत उतरलेला असतो. खाली चित्रकाराची झोकदार सही. दोन दिवसांत कुणी फोटोग्राफर आपला जुना फोटो त्या मुखपृष्ठाशेजारी ठेवून पोस्ट टाकतो आणि मग दोन फौजा उभ्या राहतात. एक म्हणते, ही सरळ चोरी आहे, चित्रही फोटोग्राफरचंच. दुसरी म्हणते, तीस टक्के बदललं की ते आपलं होतं, आणि कलेला कुंपणं घालू नका. मधे एक समजूतदार गट असतो. त्याचं म्हणणं, बाबांनो, नाव द्यायला हवं होतं, चुकलं, आता द्या आणि मिटवा.

माझ्या मते तिन्ही गट चुकीच्या जागी भांडताहेत. फोटोवरून केलेल्या चित्रात दोन माणसांचं काम एकावर एक बसलेलं असतं. वरचा थर चित्रकाराचा, खालचा फोटोग्राफरचा. वरचा थर कितीही सुंदर असला तरी त्यामुळे खालच्याची मालकी बदलत नाही, आणि खालचा कितीही मूळचा असला तरी वरचा आपोआप फोटोग्राफरच्या खिशात जात नाही. असं चित्र छापायचं तर खालच्या थराच्या मालकाची परवानगी लागते. नाव देणं हे वेगळं देणं आहे, एक फेडलं म्हणून दुसरं फिटत नाही. आणि तीस टक्क्यांचा नियम म्हणाल, तर तो भारताच्या कायद्यात नाही आणि अमेरिकेच्याही नाही. टक्के मोजणार तरी कसे? पिक्सेल मोजायचे की रंग?

चित्रकारांचा सगळ्यांत आवडता बचाव असतो, ‘मी सगळंच बदललं.’ फोटोचं चित्र करताना प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. फोटो संगणकावर उघडायचा, त्यावर नवा लेयर घ्यायचा, छटा कमी करत तीन-चारवर आणायच्या आणि प्रत्येक छटेच्या कडेने आकार काढून त्यात सपाट रंग भरायचा. काहीजण सगळं हाताने ट्रेस करतात, काहीजण अर्धं काम सॉफ्टवेअरवर सोडतात. यात जातं काय? कातडीचा पोत, धोतराचे धागे, दाढीचा एकेक केस, मागच्या गर्दीतले चेहरे. म्हणजे शटर दाबलं की कॅमेरा आपसूक टिपतो ते सगळं. आणि उरतं काय? उजेड कुठून आला, गालाच्या हाडाखाली सावलीचा त्रिकोण कसा पडला, डोकं किती अंशात कललं, फोटो खालच्या बाजूने घेतला की समोरून, टाळ आदळण्याआधीचा क्षण पकडला की नंतरचा. म्हणजे माणसाने ठरवलेलं सगळं. फोटोग्राफर पहाटे दिवे घाटात जाऊन बसतो ते यासाठी. चित्र जितकं सपाट करावं तितकी यंत्राची भर गळत जाते आणि फोटोग्राफरचा निर्णय उघडा पडत जातो. ‘फोटोग्राफर काय, नुसतं बटण दाबतो’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बटणाचा हिस्सा तुम्ही पुसून टाकलात, ठेवलात तो त्याचा हिस्सा.

चित्र नेमक्या त्याच फोटोवरून उचललंय का, हेही इथेच कळतं. नुसता चेहरा जुळला म्हणून काही सिद्ध होत नाही, एकाच वारकऱ्याचे फोटो दहाजण काढतात. सावल्यांच्या कडा मात्र दहाजणांच्या सारख्या नसतात. दोन्ही प्रतिमा एका मापाच्या करून एकमेकींवर अर्धपारदर्शक ठेवल्या आणि नाकाच्या सावलीपासून करंगळीच्या वळणापर्यंत सगळं बसलं, तर वादाला फारशी जागा उरत नाही.

या प्रश्नाची जगातली सर्वांत बारकाईने चिरफाड झालेली केस अमेरिकेतली आहे, आणि आपल्याकडे तिचा दाखला बहुतेक वेळा उलटा दिला जातो. 1981 साली लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकर्तीने तेव्हा उगवत असलेल्या प्रिन्स या गायकाचे फोटो आपल्या स्टुडिओत काढले. तिने त्याच्या डोळ्यांना आणि ओठांना स्वतः रंग लावला, चेहऱ्याची हाडं उठून दिसतील अशी प्रकाशयोजना केली. 1984 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने त्यातला एक कृष्णधवल फोटो चित्रकाराला संदर्भ म्हणून वापरण्यासाठी 400 डॉलर देऊन घेतला. परवानगीत स्पष्ट लिहिलं होतं: त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकात एकदा पूर्ण पानावर, एकदा पाव पानापेक्षा लहान, याउपर कुठलाही वापर नाही. चित्रकार होता अँडी वॉरहॉल. त्याने जांभळ्या चेहऱ्याचा प्रिन्स केला, तो छापून आला आणि मूळ फोटोसाठी गोल्डस्मिथचं नावही छापलं गेलं. इथवर सगळं नीट.

पण वॉरहॉल एका चित्रावर थांबला नव्हता. त्याच फोटोवरून त्याने एकूण सोळा कृती केल्या, आणि गोल्डस्मिथला त्यांचा पत्ताच नव्हता. 1987 मध्ये वॉरहॉल गेला. 2016 मध्ये प्रिन्स गेला, तेव्हा मासिकाच्या प्रकाशकांनी विशेषांक काढला आणि मुखपृष्ठासाठी त्याच मालिकेतलं नारिंगी चित्र वॉरहॉलच्या नावाने चालणाऱ्या फाउंडेशनकडून 10,000 डॉलरला घेतलं. गोल्डस्मिथला एक पैसा नाही, अंकात नावही नाही. मुखपृष्ठ पाहून तिने तक्रार केली, तर फाउंडेशननेच तिच्याविरुद्ध आधी कोर्टात धाव घेतली. खालच्या कोर्टात फाउंडेशन जिंकलं, अपिलात हरलं, आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथच्या बाजूने निकाल दिला.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला. त्यातला खरा मुद्दा ‘वॉरहॉलने पुरेसं बदललं का’ हा नव्हताच. प्रश्न होता वापराचा. प्रिन्सवरच्या लेखासोबत मासिकात प्रिन्सचं चित्र छापायचं आहे, त्या जागी गोल्डस्मिथचा फोटोही चालला असता आणि वॉरहॉलचं चित्रही. दोघांचं गिऱ्हाईक एकच, काम एकच. मग नव्या चित्रात नवा अर्थ दिसतो एवढ्यावर फुकट वापर मान्य केला, तर फोटोवरून पुढच्या कृती करू देण्याचा जो हक्क कायद्याने मूळ कर्त्याला दिला आहे, तो नावालाच उरेल. वॉरहॉलने कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची जी गाजलेली चित्रं केली होती, त्यांची गोष्ट कोर्टाने वेगळी मानली. कंपनीचं लेबल सूप विकण्यासाठी होतं, वॉरहॉलचं चित्र खरेदीच्या वेडाबद्दल बोलत होतं. कुणी सूपऐवजी ते चित्र विकत घेत नव्हतं. आणि निकालाची मर्यादाही कोर्टाने आखून घेतली: आम्ही 2016 च्या त्या एका मुखपृष्ठाबद्दल बोलतोय, वॉरहॉलने ती चित्रं केली किंवा विकली ते योग्य की अयोग्य, यावर आमचं मत नाही. ‘अमेरिकेत वॉरहॉलला चोर ठरवलं’ असं लिहिणाऱ्यांनी निदान एवढं वाचायला हवं होतं.

विरोधी मत न्यायमूर्ती एलेना केगन यांचं होतं, आणि चित्रकारांच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम युक्तिवाद तिथेच सापडतो. त्यांचं म्हणणं असं की कला नेहमी आधीच्या कलेवरच उभी राहते, वॉरहॉलने माणसाचा चेहरा सोलून प्रसिद्धीचा मुखवटा दाखवला, हे गोल्डस्मिथच्या फोटोत नव्हतंच, आणि मासिकाच्या संपादकाला दोन्ही प्रतिमा सारख्याच वाटल्या असत्या हे म्हणणं भाबडं आहे. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चे गव्हेराचंच उदाहरण घ्या. अल्बेर्तो कोर्दा या क्यूबन छायाचित्रकाराने 5 मार्च 1960 ला हवानात चेचा फोटो काढला. 1968 मध्ये जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने त्याचं लाल-काळं चित्र केलं, डोळे थोडे वर उचलले. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर टांगलेल्या टी-शर्टांवर जो चे दिसतो, तो मूळ फोटोपेक्षा या चित्राच्या घराण्यातला. फिट्झपॅट्रिकने काहीच भर घातली नाही असं कोण म्हणेल? चेच्या चेहऱ्याचा झेंडा त्याने केला.

मान्य. पण यातून सिद्ध काय होतं? वरचा थर मोलाचा आहे, एवढंच. तो मोलाचा असल्यामुळे खालचा फुकट कसा होतो, हे कुणी सांगत नाही. कादंबरीवर नाटक बेतलं आणि नाटक कादंबरीपेक्षा गाजलं, तर नाटककार कादंबरीकाराला ‘आता तुझा काय संबंध’ असं म्हणतो का? उलट जितकं गाजेल तितका मूळ लेखकाचा हिशोब चोख ठेवावा लागतो. शिवाय केगन यांचा युक्तिवाद खरा धरला तरी त्याचा फायदा वॉरहॉललाच जास्त होतो. ज्याच्या कुंचल्याला बाजारात नाव आहे, त्याचा बदल ‘नवा अर्थ’ ठरतो. बिननावाच्या पोराने तेच केलं तर ती नक्कल. न्यायाधीशांनी कलासमीक्षक होऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांना बहुमताची वाट जास्त सोयीची आहे. ती चित्राचा दर्जा विचारत नाही, चित्र कशासाठी वापरलं एवढंच विचारते.

आता आपल्या घरात येऊ. इथल्या वादांत ‘फेअर यूज’, म्हणजे मालकाला न विचारताही चालणारा वापर, हा शब्द चिवड्यासारखा वाटला जातो. अमेरिकेत ती एक उघडी कसोटी आहे, चार बाजू तोलून कोर्ट ठरवतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 तसं नाही. त्यात कामांची यादीच दिली आहे: खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन आणि असे आणखी प्रसंग. वारकऱ्याच्या फोटोवरून चित्र करून आपल्या घरात लावलं तर ते खासगी वापरात बसेल. त्या फोटोवर लेख लिहिताना तो छापला तर परीक्षणात बसू शकेल. विक्रीच्या अंकाचं मुखपृष्ठ यांतल्या कुठल्या खणात घालणार? दुसरीकडे, कलाकृतीचं रूपांतर करण्याचा हक्क कलम 14 ने मालकाकडे ठेवला आहे, आणि रूपांतराच्या व्याख्येत मूळ कृतीची फेरमांडणी किंवा तिच्यात फेरफार करून केलेला वापरही येतो. म्हणजे केगन यांच्या युक्तिवादाला अमेरिकेत दोन मतं तरी मिळाली, इथल्या कायद्यात त्याला टेकायला जागा त्याहून कमी आहे.

पण छायाचित्रकारांनी एवढ्यात फटाके वाजवू नयेत, कारण त्यांची बाजूही एका ठिकाणी कच्ची आहे. ‘फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा’ हे दरवेळी खरं नसतं. फोटो काढणारा हा कर्ता, हे कायदा मानतो. पण कलम 17 म्हणतं की कुणी पैसे देऊन सांगून फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. नोकरीत असताना काढलेल्या फोटोंचं गणित पुन्हा वेगळं. ओबामांच्या 2008 च्या ‘होप’ पोस्टरचं भांडण याच गाठीत अडकलं होतं. शेपर्ड फेअरी या चित्रकाराने ते मॅनी गार्सिया या छायाचित्रकाराच्या 2006 मधल्या फोटोवरून केलं होतं. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था म्हणे फोटो आमचा, आणि गार्सिया म्हणे मी तुमचा नोकर नव्हतो, फोटो माझा. (फेअरीने आपण नेमका कोणता फोटो वापरला याबद्दल कोर्टात खोटं सांगितलं, खोटे पुरावे तयार केले आणि त्याबद्दल शिक्षा ओढवून घेतली. चित्राचा दावा आपसांत मिटला, लपवाछपवीचा गुन्हा मात्र अंगाला चिकटला. संदर्भ लपवणाऱ्या सगळ्यांनी हे वाचून ठेवावं.)

या कलमामुळे आपल्याकडची एक जुनी रीत कायद्यातही चपखल बसते. कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत कित्येक चित्रकारांनी दिवंगत माणसांची तैलचित्रं फोटोवरून केली. मुलगा वडिलांचा स्टुडिओत काढलेला फोटो घेऊन येई, चित्रकार पगडी जरा नीट करी, गालांवर रंग आणी आणि भिंतीएवढं चित्र देई. त्या स्टुडिओवाल्याची परवानगी कुणी काढली होती? कुणीच नाही, आणि बहुतेक वेळा लागतही नव्हती, कारण फोटो पैसे देऊन काढवून घेतलेला, म्हणून हक्क त्या कुटुंबाचाच. ‘आपले थोर चित्रकार फोटोवरूनच काढायचे, तेव्हा कुणी बोंब मारली नाही’ हा दाखला म्हणूनच आजच्या वादात लागू पडत नाही. ते घरच्यांच्या सांगण्यावरून घरच्यांचा फोटो रंगवत होते, आज आपण इंटरनेटवर सापडलेला अनोळखी माणसाचा फोटो रंगवतोय.

मालक एक आणि कर्ता दुसरा असं असेल तर नाव कुणाचं? इथे कलम 57 येतं. हक्क विकला गेला असला, किंवा मुळातच दुसऱ्याचा असला, तरी आपण या कृतीचे कर्ते आहोत असं सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. आपल्या मानाला किंवा लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उतरवून अडगळीत टाकलं, तेव्हा 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमावर त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे पैसे सरकारने मोजले होते, तरीही. तेव्हा लग्नातल्या फोटोवरून पोर्ट्रेट करायचं असेल तर परवानगी नवरा-नवरीची, नाव फोटोग्राफरचं. दोन दारं आहेत आणि दोन्ही वाजवायची असतात. ‘क्रेडिट दिलं ना’ म्हणणारा एक दार वाजवून दुसऱ्यातून आत शिरलेला असतो.

आता त्या मुखपृष्ठाकडे परत जाऊ. समजा, फोटोग्राफरने वारीचा फोटो स्वतःच्या हौसेने, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, काढलाय. म्हणजे कर्ता आणि मालक तोच. संपादकांनी चित्रकाराला मुखपृष्ठ सांगितलं आणि चित्रकाराला हा फोटो भावला. रेखाटन करण्यापूर्वीच फोटोग्राफरला लिहायला हवं, आणि ‘तुमचा फोटो वापरू का’ एवढंच पुरत नाही. कोणता फोटो, त्यावरून काय करणार, कुठल्या अंकावर, किती प्रती, ई-आवृत्ती आणि जाहिरातीत ते चित्र दिसणार का, मानधन किती, नाव कसं छापणार. सर्वांत महत्त्वाचं, अंक संपल्यावर काय? चित्रकार मूळ चित्र प्रदर्शनात विकणार का, त्याच्या छापील प्रती, कॅलेंडर, टी-शर्ट काढणार का? वॉरहॉलच्या फाउंडेशनची गोची नेमकी या जागी झाली. एका चित्राची परवानगी होती, पुढच्या पंधरांची नव्हती. आपला कायदा परवाना लेखी मागतो. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाने तेच चित्र आपल्या स्मरणिकेवर घेतलं तर ते या परवानगीत बसेल असं गृहीत धरू नये.

एवढं झालं की चित्र चित्रकाराचं. फोटोग्राफरला ते उचलून आपल्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर टाकायचं असेल तर त्यानेही चित्रकाराला विचारायला हवं, कारण रंगांची निवड, काय गाळायचं आणि काय ठेवायचं हा विचार चित्रकाराचा. ही बाजू फोटोग्राफर सोयीस्करपणे विसरतात. अंकाच्या श्रेयनामावलीत ‘मुखपृष्ठ: अमुक’ एवढंच न छापता ‘चित्र: अमुक, तमुक यांच्या छायाचित्रावरून’ असं छापलं की दोन्ही थर वाचकाला दिसतात. अर्धी ओळ जास्त लागते. आणि ज्याचा चेहरा विकला जातोय तो वारकरी? या सगळ्या हमरीतुमरीत त्याला कुणीच विचारलेलं नसतं. कॉपीराइट त्याच्याबद्दल मुका आहे, पण फोटोग्राफर ‘माझा फोटो चोरला’ म्हणतो तेव्हा हा प्रश्न त्यालाही लागू आहे.

शेवटची हरकत खर्चाची. दिवाळी अंकाचं अंदाजपत्रक मुळात ओढाताणीचं, चित्रकारालाच मानधन वेळेवर मिळत नाही, त्यात फोटोग्राफर कुठून आणायचा? हरकत खरी आहे. पण मग पैसे नाहीत असं सांगून मागा. आपल्या भाषेतल्या अंकासाठी कमी पैशांत किंवा नुसत्या नावावर हो म्हणणारे फोटोग्राफर पुष्कळ असतात. न विचारता घेतल्यावर तोच माणूस वकील गाठतो. आणि तो नाही म्हणाला तर? तर नाही. त्याच फोटोवाचून अडावं असं मुखपृष्ठ नसतं. आळंदीला जाऊन स्वतः फोटो काढता येतो, ओळखीच्या माळकऱ्याला समोर बसवता येतं, पाच-सात फोटो नुसते पाहून बाजूला ठेवून मनाने चित्र काढता येतं. वारकरी, टाळ, भक्तीने मिटलेले डोळे यांच्यावर कुणाचाच हक्क नाही. हक्क आहे तो एका विशिष्ट मांडणीवर.

नाही म्हणण्याची मुभा हा परवानगीचा अर्धा जीव आहे, आणि ‘पैसे देऊन टाका, मिटवा’ म्हणणाऱ्यांना तो दिसत नाही. कोर्दाने आयुष्यभर चेच्या फोटोसाठी कुणाकडे पैसे मागितले नाहीत. लोकांनी पोस्टरं काढली, भिंती रंगवल्या, त्याची हरकत नव्हती. पण 2000 साली एका व्होडकाच्या जाहिरातीत तो चेहरा आला, तेव्हा त्याने इंग्लंडमध्ये जाहिरात कंपनी आणि फोटो पुरवणाऱ्या संस्थेवर दावा लावला. कोर्टाबाहेर 50,000 डॉलरवर प्रकरण मिटलं, आणि ती रक्कम त्याने क्यूबाच्या आरोग्यसेवेला देऊन टाकली. पैसे हवे असते तर ते मागायला त्याच्याकडे चाळीस वर्षं होती. कशासाठी चालेल आणि कशासाठी चालणार नाही, हे सांगण्याचा अधिकार त्याला हवा होता. वारकऱ्याचं तेच चित्र उद्या दिवाळी अंकावरून निवडणुकीच्या फ्लेक्सवर गेलं, तर आपल्या फोटोग्राफरलाही बहुधा तेवढंच हवं असेल.